निजण्यापूर्वीची फेरी

सन १९९० च्या आसपासची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा या शहरात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत, शिक्षणासाठी एका वसतिगृहात राहत होतो. परीक्षेचे दिवस होते आणि वीज दर रात्री जात असे. एका खोलीत चौघे. लोखंडी पेट्यांवर मेणबत्त्या चिकटवून अभ्यास चाले, आणि डास फोडून खात म्हणून प्रत्येक खाटेखाली एकेक कॉइल जळत असे. एके रात्री आमच्या एका मित्राची वाकळ खाटेवरून खाली लोंबली आणि तिचा कोपरा कॉइलच्या टोकाला टेकला. ज्वाळा उठली नाही. रात्रीच्या फेरीवर असलेल्या रखवालदारमामांना दारातून जळक्या चिंध्यांचा वास आला आणि त्यांनी दार बडवून आम्हाला उठवले. पाहतो तो वाकळीला भोक पडलेले आणि खालच्या गादीत ताटलीएवढे काळे वर्तुळ. आम्ही त्यावर दोन तांबे पाणी ओतले, "विझली" म्हणालो, आणि त्या मित्राला दुसऱ्याच्या खाटेवर जागा करून देऊन पुन्हा झोपलो.

पहाटे तीनच्या सुमारास मामा पुन्हा आले. त्यांनी काही न बोलता ती गादी उचलली, मागच्या मोकळ्या जागेत नेली आणि चाकूने उभी फाडली. आत हातभर लांब कापूस लाल झालेला होता. वरून ओलसर आणि थंड दिसणारी गादी आतून दोन तास जळत होती, आणि तिच्याच शेजारी आम्ही चौघे झोपलो होतो. मामा एवढेच म्हणाले, "पोरांनो, कापसातला विस्तव पाण्यानं लपतो, मरत नाही."

पुढे शिक्षकाच्या पेशात तीस वर्षे मुलांच्या सहवासात काढताना हे वाक्य आम्ही विसरलो नाही. या स्मरणिकेत एका साध्या, रोजच्या विषयावर लिहावे असे ठरवले ते त्याच आठवणीमुळे. कॉइल, मेणबत्ती आणि विडी-सिगारेटचे थोटूक या तीन लहान वस्तू अंथरुणाजवळ नेमके काय करतात, आणि निजण्यापूर्वी पाच-सात मिनिटांची एक फेरी त्यांना कशी रोखू शकते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

धुमसणारी आग

आग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येते. परंतु अंथरुणातील आग बहुधा ज्वाळेने सुरू होत नाही. ती धुमसण्याने सुरू होते. धुमसणे म्हणजे ज्वाळेविना, केवळ पृष्ठभागावर चाललेले जळणे. त्यास फार हवा लागत नाही. कापूस पिंजलेला असतो, म्हणजे त्याच्या तंतूंमध्ये जागोजागी हवा अडकलेली असते. आणि तोच पिंजलेला कापूस उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच तर रजई ऊब देते. जो गुण थंडीत आपल्याला तारतो, तोच गुण आत शिरलेल्या विस्तवालाही ऊब देऊन जगवतो. असा विस्तव गादीच्या आत तासन् तास हळूहळू पसरत राहतो. नंतर एखाद्या क्षणी गादीचे कापड फाटते, किंवा कोणी दार उघडल्याने वाऱ्याचा झोत येतो, आणि तेव्हा कोठे ज्वाळा उठते. लोक म्हणतात, "अचानक भडका उडाला." तो अचानक नसतो. त्याआधीचे काही तास आपण झोपेत घालवलेले असतात.

या काळात खोलीत आणखी एक गोष्ट घडत असते. पुरेशी हवा न मिळता जे जळते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू अधिक निघतो. त्यास रंग नाही आणि वासही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवते. परंतु हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्यास चिकटतो. परिणामी श्वास चालू असतो, छाती खालीवर होत असते, पण मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही. जागा माणूस असेल तर त्याचे डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. झोपलेल्या माणसाची झोप फक्त अधिक गाढ होते. "जळका वास आला की आपोआप जाग येईल" हा समज या ठिकाणी घातक ठरतो, कारण झोपेत नाकाची जाण फार मंदावते. वासाने जाग येईलच, यावर विसंबता येत नाही.

शास्त्री पार्कमधील रात्र

दिल्लीच्या ईशान्य भागातील शास्त्री पार्क येथे ३१ मार्च २०२३ च्या सकाळी एका घरातील सहा जण मृत्यू पावले. मृतांमध्ये दीड वर्षांचे एक बालकही होते. पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर जे सांगितले ते असे: रात्री घरात मच्छरांसाठी कॉइल लावलेली होती, ती केव्हातरी गादीवर पडली, गादी जळू लागली, आणि रात्रभर साचलेल्या विषारी धुराने, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडने, झोपलेली माणसे बेशुद्ध होऊन गुदमरली.

ही घटना वाचताना आम्हांस जाणवले ते हे की, या घरात कोणी काही वेगळे केलेले नव्हते. डास होते म्हणून कॉइल लावली. डास आत येऊ नयेत म्हणून बहुतेक घरांत खिडक्या-दारे लावली जातात. घर लहान म्हणून माणसे आणि कॉइल एकाच जमिनीवर, हातभर अंतरावर असतात. आपल्यापैकी किती घरांत हे रोज घडते, हे प्रत्येकाने आपल्याशीच पाहावे.

निवासी संस्थांनी ध्यानात ठेवावी अशी दुसरी घटना दक्षिण कोरियातील आहे. ३० जून १९९९ रोजी ह्वासोंग येथील सीलँड नावाच्या शिबिरगृहात रात्री आग लागून २३ जण दगावले. त्यांपैकी १९ बालवाडीतील मुले होती. तपासात एका खोलीत लावलेल्या कॉइलकडे बोट दाखवण्यात आले. पालकांनी त्या निष्कर्षावर शंका घेतली, आणि कारणाचा वाद पुढेही राहिला. परंतु दोन गोष्टींबद्दल वाद नव्हता: इमारत कंटेनर एकावर एक रचून, सहज पेट घेणारे साहित्य वापरून उभारलेली होती, आणि मुले झोपलेली असताना त्यांच्या जवळ जागे राहून लक्ष देणारे मोठे माणूस नव्हते.

कॉइल: एक लांब वात

कॉइलचा इतिहास रोचक आहे. जपानमध्ये एइचिरो उएयामा या उद्योजकाने शेवंतीच्या कुळातील एका कीटकनाशक फुलाची भुकटी वापरून १८९० मध्ये डास घालवणारी सरळ काडी बनवली. ती सुमारे चाळीस मिनिटांतच जळून जाई. तिला सर्पिलाकार वळवावे ही कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची. १९०२ पासून वळवलेली कॉइल विक्रीस आली. या वळणामागचा हेतू एकच होता: माणूस झोपेपर्यंत नव्हे, तर माणूस झोपून उठेपर्यंत ती जळावी.

म्हणजे तिचा जो गुण, तोच तिचा धोका. आजची कॉइल लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड, पिष्ट आणि अत्यल्प कीटकनाशक यांची बनते. ती उलगडून मोजल्यास साधारण पाऊण मीटर लांब भरते आणि सात-आठ तास जळते. रात्री दहाला लावली तर पहाटे पाच-सहापर्यंत तिचे टोक निखाऱ्यासारखे जिवंत असते, आणि त्या सर्व वेळात तिच्याकडे पाहणारे कोणी नसते.

ती पडते कशी? पाकिटात दोन कॉइली एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या सोडवताना ओढाताण झाली की एखादीला बारीक चीर जाते; ती डोळ्यांना दिसत नाही. विस्तव त्या चिरेपाशी पोचला की पुढचा तुकडा गळून पडतो. पत्र्याचा जो टेकू मिळतो तो हलका असतो. मुलाचा पाय लागला, मांजर गेले, पंख्याच्या वाऱ्याने चादरीचा पदर फडकला, तरी तो कलंडतो. पडलेली राख बहुधा लवकर थंड होते. परंतु तुटून पडलेला जळता तुकडा थंड होत नाही, तो जेथे पडेल तेथे जळत राहतो. आणि पंख्याच्या वाऱ्याने कॉइल विझत नाही, उलट अधिक लाल होते, हेही लक्षात घ्यावे.

सर्वांत वाईट जागा म्हणजे मच्छरदाणीच्या आत किंवा तिला लागून. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची जाळी विस्तवाच्या स्पर्शाने वितळते, आणि पेटल्यास वितळलेले जळते थेंब खाली झोपलेल्याच्या अंगावर पडतात. मच्छरदाणी नीट खोचली असेल तर कॉइलची गरजच उरत नाही. दोन्ही एकत्र लावणे म्हणजे दोन उपायांचा मिळून एक अपाय करणे होय.

मग करावे काय? कॉइल लावायचीच असेल, तर ती झोपेसाठी नव्हे, संध्याकाळसाठी लावावी. आमच्या घरी आम्ही असे करतो. अख्खी कॉइल न लावता तिच्या बाहेरच्या टोकाकडून साधारण एक वीत लांबीचा भाग मोडून घ्यायचा. पाऊण मीटरला सात-आठ तास, या हिशेबाने एक वीत सुमारे दोन तास जळते. आपण आणता त्या कॉइलीचा वेग एकदा घड्याळ लावून पाहावा, म्हणजे आपला हिशेब पक्का होईल. हा तुकडा टेकूवर बसवून टेकू कोरड्या वाळूने अर्ध्या भरलेल्या कुंडीत किंवा जाड बुडाच्या लोखंडी कढईत ठेवायचा, म्हणजे तुकडा पडला तरी वाळूतच पडेल. कुंडी अंथरूण, पडदा, दप्तरे व कागद यांपासून किमान एक मीटर दूर, आणि खिडकी किंचित उघडी. दिवेलागणीला लावलेला तुकडा जेवणे उरकेपर्यंत संपतो. काही उरलेच, तर जळते टोक पाण्यात बुडवून मगच ठेवून द्यावे. फुंकर मारून किंवा जमिनीवर चिरडून विझवलेले टोक पुन्हा पेटलेले आम्ही पाहिले आहे.

बंद खोलीत रात्रभर कॉइल लावू नये याला आगीखेरीज आणखी एक कारण आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असू शकतात. ज्या घरात कोणी विडीही ओढत नाही, त्या घरातील बालकही बंद खोलीत हा धूर घेत असते.

आपल्या शहरापुरते एक सांगितले पाहिजे. येथे नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते, म्हणून प्रत्येक घरात ड्रम, टाक्या, हौद भरलेले असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. रात्री लावलेली कॉइल त्याचे काही करू शकत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे करून, आतून घासून कोरडे करणे आणि एरवी त्यावर घट्ट झाकण ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. रात्रीच्या डासांसाठी खिडकीला जाळी आणि अंथरुणाला मच्छरदाणी. या तिन्ही गोष्टींत विस्तव नाही.

मेणबत्ती आणि पडदा

आपल्या समाजात मेणबत्तीचे स्थान वेगळे आहे. भगवान बुद्धांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण मेणबत्ती व अगरबत्ती लावून वंदना घेतो. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, सहा डिसेंबर या दिवशी तर दारात, खिडकीत, गच्चीच्या कठड्यावर मेणबत्त्यांच्या रांगा लागतात. त्यात कमी करा असे आम्ही म्हणत नाही. फक्त ती कोठे उभी आहे आणि वंदनेनंतर तिच्याजवळ कोण आहे, हे विचारतो.

मेणबत्तीच्या ज्वाळेची उष्णता बाजूंपेक्षा वर अधिक जाते. म्हणून पडदा ज्योतीला शिवला पाहिजे असे नाही. तो वाऱ्याने ज्योतीच्या वर आला तरी पुरे. आजचे बहुतेक पडदे पॉलिएस्टरचे असतात. ते प्रथम आक्रसतात, मग वितळतात, आणि पेटले की त्यांचे जळते थेंब खालच्या अंथरुणावर टपकतात. मेणबत्तीच्या चहूबाजूंनी किमान एक फूट आणि वर त्याहून बरीच अधिक जागा मोकळी असावी. खिडकीची चौकट तर तिची जागा नव्हेच, कारण तेथे पडदा आणि वारा दोन्ही एकत्र येतात. प्रतिमेला घातलेला कागदी किंवा प्लॅस्टिकचा हार ज्योतीच्या वर लोंबत नाही ना, हेही पाहावे.

दुसरी चूक शेवटच्या इंचात होते. मेणबत्ती स्वतःच्याच वितळलेल्या मेणाने पेटीवर, स्टुलावर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर चिकटवली जाते. ती उभी असेपर्यंत सर्व ठीक असते. संपत येते तेव्हा ज्योत थेट त्या पृष्ठभागावर येते आणि प्लॅस्टिक किंवा लाकूड पेट घेते. म्हणून मेणबत्ती वाळू किंवा माती घातलेल्या पसरट स्टीलच्या ताटात रोवावी, आणि दोन बोटे उरली की विझवावी. अगरबत्तीचेही तसेच, तिचे टोक गळून पडेल तेथे ताट असावे. वंदना संपली आणि घरातील शेवटचा माणूस खोलीतून उठला की ज्योत शांत करावी. वीज गेल्यावर अभ्यासासाठी तर मेणबत्ती आता नकोच. चार्जिंगची बॅटरी मुलाच्या उशाशी असू द्यावी.

थोटूक

विडी-सिगारेट सोडावी हे सांगण्यास अन्य लेख आहेत. येथे प्रश्न एवढाच की, ओढून झाल्यावर उरलेले थोटूक कोठे जाते. विझल्यासारख्या दिसणाऱ्या थोटकाच्या आत विस्तव राहतो. ते उघड्या फरशीवर पडले तर बहुधा आपोआप विझते. परंतु गादी आणि भिंत यांच्या फटीत, सोफ्याच्या दोन गाद्यांमध्ये किंवा कागदांनी भरलेल्या टोपलीत पडले, तर तेथे त्यास ऊब मिळते, आणि कापसात शिरलेला विस्तव पुढे काय करतो ते वर सांगितलेच आहे. ज्वाळा दिसेपर्यंत एखादा तास, क्वचित त्याहून अधिक वेळ जाऊ शकतो. म्हणजे ओढणारा झोपी गेल्यानंतर.

उपाय साधा आहे: अंथरुणावर बसून किंवा पडून ओढायचे नाही, आणि थोटकासाठी पाणी किंवा वाळू घातलेला एक पत्र्याचा डबा ओसरीवर किंवा गच्चीवर ठेवायचा. घरातील वडीलधाऱ्यांना हे सांगणे अवघड जाते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने ते कसे केले हे सांगण्याजोगे आहे. तिचे आजोबा रात्री खाटेवरच विडी ओढत. तिने विडीबद्दल एक शब्दही काढला नाही. ओसरीत खुर्ची टाकली, शेजारी पाण्याचा डबा ठेवला आणि म्हणाली, "आबा, तुम्ही इथं बसा, मी पण इथंच वाचत बसते." आबा रोज तेथे बसू लागले. नात वाचते म्हणून बसत, की डबा आहे म्हणून, हे त्यांनाच ठाऊक.

फेरी कशी घ्यावी

आता मुख्य गोष्ट. फेरीचा नियम एका ओळीत असा: घर झोपण्यापूर्वी घरातला विस्तव झोपला पाहिजे. फेरी एकाच माणसाच्या नावावर असावी. "कोणीतरी पाहील" या भरवशावर ती होत नाही. आणि ती घरातली शेवटची काडी विझल्यानंतर अर्ध्या तासाने घ्यावी. लगेच घेतली तर फटीत पडलेले थोटूक अजून वासही देत नसते. अर्ध्या तासात लपलेला विस्तव स्वतःची खूण देऊ लागतो.

पहिला थांबा मोरी. घरातील सर्व जळत्या-विझल्या वस्तू, म्हणजे कॉइलचा तुकडा, मेणबत्तीचा बुडखा, अगरबत्तीची काडी, थोटकांचा डबा, येथे आणून ओल्या करायच्या. मोरीची फरशी दगड-सिमेंटची असते, पाणी हाताशी असते आणि तेथे कोणी झोपत नाही. विस्तवाला घरात याहून चांगली जागा नाही.

दुसरा थांबा अंथरुणे. प्रत्येक गादीच्या कडेने, भिंतीकडच्या फटीत आणि खाटेखाली हाताची पालथी बाजू फिरवावी. तळहातापेक्षा तिला उष्णता लवकर कळते. कोठे ऊब लागली, पिवळट-तपकिरी डाग दिसला, जळक्या चिंधीसारखा वास आला, तर तेथे थांबावे. लोंबणारी चादर, वाकळ, मच्छरदाणी वर खोचावी.

तिसरा थांबा खिडक्या आणि वंदनेची जागा. पडदा एका बाजूला बांधला आहे का, ताटातील ज्योत खरोखर विझली आहे का आणि वात धुरत नाही ना, हे पाहावे. जाता जाता गॅसचा रेग्युलेटर बंद करावा.

चौथा आणि अखेरचा थांबा दार. येथे आम्ही आपल्याच शहरातील एका घटनेची आठवण करून देतो. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीतील दाणा बाजार भागात तळमजल्यावरील कपडे शिवण्याच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा मृत्यू झाला. ती आग कॉइलची म्हणून आम्ही येथे घेत नाही. ती घेतो ती यासाठी की, आग खाली राहिली आणि माणसे वर धुराने गुदमरून गेली. ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो. म्हणून रात्री दाराला आतून कुलूप असेल तर किल्ली दाराजवळच्या ठरलेल्या खिळ्यावर असावी, अंधारात हात घातला तरी सापडावी. जिन्यात सायकल, पोती, खोकी नसावीत. आणि एक भरलेली बादली व एक बॅटरी दारापाशी असावी.

वसतिगृहात ही फेरी अधीक्षकांची आहे, मुलांची नव्हे. मोठ्या वर्गातील दोन मुले सोबत असावीत, म्हणजे ती शिकतील. परंतु जबाबदारी मोठ्या माणसाचीच. एक साधी वही ठेवावी: तारीख, वेळ, कोणती खोली, काय आढळले, सही. "काय आढळले" हा रकाना महत्त्वाचा आहे. महिनाभर त्यात रोज "काही नाही" असेच लिहिलेले दिसले, तर फेरी होत नाही, केवळ सही होते, असे समजावे. आणि मुलाकडे लपवलेली मेणबत्ती सापडली तर शिक्षा करू नये. शिक्षेच्या भीतीने पुढच्या वेळी ती मेणबत्ती गादीखाली जाते. त्यास बॅटरी द्यावी.

आढळले तर

गादी धुमसताना आढळली, तर प्रथम सर्वांना उठवून बाहेर काढावे आणि मगच गादीकडे वळावे. धूर थोडा असेल, ज्वाळा नसेल आणि दार आपल्या पाठीशी असेल, तरच हात घालावा. गादी कोरडीच उचलून जिन्यातून नेऊ नये. वारा लागून ती वाटेतच भडकते आणि तोच जिना बंद होतो. आधी बादल्यांनी चांगली भिजवावी, मग बाहेर उघड्यावर नेऊन फाडावी आणि आतला कापूस पाण्याने चिंब करावा. ती रात्र गादी घराबाहेरच राहिली पाहिजे. खोली धुराने भरली असेल किंवा ज्वाळा दिसत असेल, तर काहीही वाचवण्यास आत जाऊ नये. खाली वाकून, जमिनीलगतच्या हवेतून बाहेर पडावे, मागे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

आग न दिसताही एक खूण ओळखावी. सकाळी घरातल्या दोन-तीन जणांचे डोके एकदमच दुखत असेल, मळमळत असेल, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटत असेल, तर ते पित्त समजून घरीच थांबू नये. सर्वांना बाहेर आणावे आणि घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात नेऊन "रात्री बंद खोलीत धूर होता" हे स्पष्ट सांगावे. उपचार ऑक्सिजनचा आहे, आणि डॉक्टरांना धुराची गोष्ट ठाऊक नसेल तर निदान चुकू शकते.

या फेरीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भिंतीतली तार, रात्रभर चार्जिंगला लावलेले वाहन, शेजारच्या दुकानातला माल यांना ती ओळखत नाही. आणि फेरीनंतर कोणी पुन्हा कॉइल लावली, तर ती झालीच नाही असे होते. म्हणून जेथे शक्य असेल तेथे, निदान वसतिगृहाच्या प्रत्येक निजायच्या दालनात, धूर ओळखून वाजणारी घंटा बसवावी. माणसाचे नाक झोपते. ती झोपत नाही.

आमच्या वसतिगृहातले ते रखवालदारमामा फार शिकलेले नव्हते. त्यांच्या फेरीची वहीही नव्हती. परंतु एकदा विझलेली म्हणून सांगितलेली गादी पुन्हा पाहण्यास ते त्या रात्री परत आले, आणि ते परत आले म्हणूनच आम्ही चौघे पुढे आपापल्या वाटांनी गेलो. आज रात्री आपल्या घरात कोणी एकाने असेच एकदा परत जाऊन पाहावे.